लाईट गेली की सोलरही बंद : ग्राहकाला काय सांगायचं आणि त्याऐवजी काय द्यायचं?

अनघा_सातारा
छतावरचं सोलर बसवणाऱ्या एका छोट्या फर्ममध्ये मी ग्राहकांचे फोन आणि व्हॉट्सॅप बघते. आठवड्याला दोन-तीनदा एकच मागणी येते: "लाईट गेल्यावर सोलर चालू राहील असं बटण किंवा सेटिंग करून द्या." आमचे टेक्निशियन "तसं होत नाही, ऑन-ग्रिड आहे" म्हणून मोकळे होतात आणि ग्राहक माझ्याकडे येतो.

आत्ताची केस अशी आहे. 540 वॉटची सहा पॅनेल, 3 किलोवॅटचा ऑन-ग्रिड इन्व्हर्टर, नेट मीटर लागलेला, सबसिडीही मिळालेली. घरात आधीपासून 900 व्हीएचा साधा इन्व्हर्टर आणि 150 एएचची ट्युब्युलर बॅटरी आहे. इन्व्हर्टरच्या लाइनीवर तीन साधे पंखे, सहा एलईडी दिवे आणि राऊटर. आठवड्यात एकदा दिवसा चार-पाच तास लाईट जाते, बाकी अधूनमधून तासभर. काकांचं म्हणणं एवढंच: "वर एवढं ऊन, पॅनेल तापलेत, आणि खाली आम्ही पुठ्ठ्याने वारा घेतोय. असं कसं?"

नुसतं नाही म्हणायचं नाहीये. कारण त्यांना पटेल असं सांगायचं आहे आणि पुढे त्यांना खरंच काय करता येईल तेही. जाणकारांनी मदत करावी.

रोहित_पॉवर
होत नाही असं कोण म्हणालं? बऱ्याच इन्व्हर्टरच्या मेनूमध्ये आयलंडिंगचा पर्याय असतो. इन्स्टॉलरचा पासवर्ड टाकायचा आणि ऑफ करायचं. कंपन्या सांगत नाहीत, बस.

तारजोड
रोहित, पर्याय काही मॉडेलांमध्ये दिसतो हे खरं. पण तो ऑफ केला म्हणून घरात लाईट येत नाही. तिथे फक्त तपासणी बंद होते. लाईट गेली आहे का हे इन्व्हर्टर मुद्दाम चाचपून बघत असतो, ते तो थांबवतो. वीज स्वतः उभी करण्याची ताकद त्याने येत नाही.

अनघाताई, काकांना समजवायचं तर इथून सुरुवात करा. ऑन-ग्रिड इन्व्हर्टर हा भजनातल्या टाळकऱ्यासारखा. मृदंग वाजतोय तोवर तो ठेक्यात टाळ देतो. मृदंग थांबला की त्याच्याकडे स्वतःचा ठेका नाही. महावितरणच्या तारेत 230 व्होल्ट आणि 50 हर्ट्झचा ठेका चालू असतो, हा तो ऐकून त्यावर आपला करंट ढकलतो. घराला किती लागतंय हे तो बघतच नाही. कमी पडलं तर ग्रिड देतं, उरलं तर ग्रिड घेतं.

आता ग्रिड गेलं असं समजा. भर दुपारी पॅनेल 2200 वॉट देतायत आणि घरात लागतायत 300. उरलेले 1900 जायचे कुठे? पुढच्या मिनिटाला ढग आला, पॅनेल 400 वर उतरले आणि नेमका कुणीतरी मिक्सर लावला. कमी पडलेले आणायचे कुठून? हा वरखाली हिशोब क्षणाक्षणाला सांभाळायला मध्ये साठा लागतो. एक तर ग्रिड, नाही तर बॅटरी. काकांच्या ऑन-ग्रिड इन्व्हर्टरला बॅटरी जोडायची जागाच नाही. म्हणून हे सेटिंग लपवलेलं नाही, ते यंत्र तसं बांधलेलंच नाही. हे वाक्य त्यांना नक्की सांगा, कारण "कंपनी मुद्दाम देत नाही" असं वाटलं की माणूस यूट्यूबवर जुगाड शोधायला लागतो.

दुसरं कारण सुरक्षेचं. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या 2013 च्या नियमांनुसार ग्रिड गेलं की सोलरने स्वतःहून तुटायचं असतं. तारेवर लाईनमन काम करत असतो.

शंकेखोर
सुरक्षेचं कारण सगळे पाठ केल्यासारखं सांगतात. जरा गणित करा. ट्रान्सफॉर्मरवर शंभर घरं. 3 किलोवॅटचा इन्व्हर्टर शंभर घरांना वीज द्यायला गेला तर त्याच क्षणी मान टाकेल. मग लाईनमनला धोका कसला?

पोल_नंबर_१७
लाईनवर काम करणाऱ्यांपैकी आहे म्हणून लिहितो. तुमचं गणित अख्खी लाईन जोडलेली असताना बरोबर. पण काम करताना आम्ही अख्खी लाईन जोडलेली ठेवत नाही. पोलवरचा फ्यूज काढला, जंपर उघडला की त्या तुकड्यावर दोन-तीन घरं राहतात. दोन घरांचा दुपारचा भार म्हणजे एखादा फ्रिज आणि दोन पंखे. तेवढं 3 किलोवॅट आरामात ओढतं. म्हणजे आम्ही ज्या तुकड्यावर हात घालतो तोच नेमका जिवंत राहू शकतो.

आणि ट्रान्सफॉर्मर दोन्ही बाजूंनी चालतो. खालून 230 घुसलं तर वरच्या बाजूला 11 हजार व्होल्ट तयार होतात. डिस्चार्ज रॉड लावल्याशिवाय हात लावू नये हा नियम आहेच, पण दुसऱ्याच्या घरातून उलटा करंट येईल हे गृहीत धरून कुणी रोज चढत नाही.

शंकेखोर
फ्यूज काढलेल्या तुकड्याचं डोक्यात नव्हतं. पटलं.

तारजोड
त्यात आणखी एक भर, काकांच्या खिशाशी संबंधित. समजा सोलर तुटलं नाही, एकटंच चालू राहिलं. तेवढ्यात लाईट परत आली. दोन्हींचा ठेका जुळलेला नसतो. एक लाट वर, एक खाली. जोडल्याक्षणी मोठा करंट वाहतो आणि पहिला बळी इन्व्हर्टरचाच. म्हणूनच लाईट आल्यावरही तो लगेच सुरू होत नाही, किमान मिनिटभर ग्रिड तपासतो. काही मॉडेलं पाच मिनिटंही घेतात. "लाईट आली तरी सोलर आलं नाही" हा फोन तुम्हाला रोज येत असेल, त्याचं उत्तर हेच.

निशिकांत_सचिव
आमच्या सोसायटीत 20 किलोवॅटचं सोलर आणि 62.5 केव्हीएचा जनरेटर आहे. जनरेटर सुरू झाला की 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ मिळतातच. मग सोलरला तो ठेका चालेल ना? डिझेल वाचेल. आमचा वेंडर नाही म्हणतो.

तारजोड
ठेका चालेल, म्हणूनच भीती आहे. जनरेटर करंट देतो, घेत नाही. सोलर जास्त झालं आणि करंट उलटा त्याच्यात शिरला की तो बंद पडतो किंवा बिघडतो. शिवाय डिझेल इंजिन फार कमी भारावर तासन्‌तास चालवलं की धूर करतं आणि काजळी धरतं. म्हणून किमान 30 टक्के भार त्याच्यावर ठेवतात.

तुमचे आकडे घेऊ. 62.5 केव्हीए म्हणजे साधारण 50 किलोवॅट, त्याचे 30 टक्के म्हणजे 15. दुपारी लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातले दिवे मिळून किती होतात? 12-15 किलोवॅट असतील तर तेवढा भार एकट्या जनरेटरलाच हवा. सोलरला जागाच उरत नाही. सोलर आणि डिझेलचा मेळ घालणारा कंट्रोलर मिळतो, पण तो दिवसाचा भार 30-40 किलोवॅट असलेल्या कारखान्यात परवडतो. तुमच्याकडे सोलरची जोडणी चेंजओव्हरच्या अलीकडे, म्हणजे महावितरणच्या बाजूला आहे ना एवढं वेंडरकडून लिहून घ्या. जनरेटर चालू असताना सोलर बंद राहणं हेच तुमच्यासाठी योग्य.

निशिकांत_सचिव
भार मोजून घेतो. अलीकडे-पलीकडे कसं ओळखायचं?

तारजोड
जनरेटर चालू असताना सोलर इन्व्हर्टरच्या पडद्यावर `NO-Grid` किंवा तशाच अर्थाचा संदेश दिसला पाहिजे. वॉट दिसत असतील तर जोडणी चुकीच्या बाजूला आहे. तसं असेल तर त्याच दिवशी सोलरचा एसी एमसीबी पाडा आणि वेंडरला बोलवा.

रोहित_पॉवर
ठीक, सेटिंगचं राहू द्या. पण अनघाच्या ग्राहकाकडे घरचा इन्व्हर्टर आहे की. प्युअर साइन वेव्हचा असेल तर सोलरची वायर त्याच्या आउटपुटवर द्यायची. लाईट गेली की घरचा इन्व्हर्टर ठेका देईल, सोलर त्यावर चालेल. हे होतं, व्हिडिओ आहेत.

गॅल्वनाइज्ड
होतं. किती वेळ होतं ते व्हिडिओत नसतं.

घरचा इन्व्हर्टर बॅटरीतून 230 व्होल्ट तयार करतो. सोलरला वाटतं ग्रिड आली, मिनिटभर तपासून तो जोडला जातो आणि 2000 वॉट ढकलायला लागतो. घरात लागतायत 300. उरलेले 1700 घरच्या इन्व्हर्टरच्या आउटपुटमधून उलटे आत शिरतात आणि बॅटरीकडे जातात. 12 व्होल्टच्या बॅटरीवर 1700 वॉट म्हणजे 130-140 अँपिअर. त्या 150 एएचच्या बॅटरीला 15 अँपिअरने चार्ज करायचं असतं. नऊ पट!

पुढे तीनपैकी एक होतं. नशीब असेल तर आउटपुटचा व्होल्टेज चढतो, सोलर `OV-G-V` दाखवून तुटतो, मिनिटाने पुन्हा जोडतो, पुन्हा तुटतो आणि घरातले दिवे नाचत राहतात. नशीब नसेल तर घरच्या इन्व्हर्टरचे मॉस्फेट जातात, जळका वास येतो. तिसरी गोष्ट बॅटरीची: पाणी उकळतं, वायू सुटतो, बंद खोलीत ते धोक्याचं. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर सोलर जोडलाच जात नाही, तेवढं बरं.

मोठ्या बॅटरी-इन्व्हर्टरमध्ये हे नीट करायची सोय असते. बॅटरी भरली की तो आपली फ्रिक्वेन्सी 50 वरून वर सरकवतो आणि सोलर ते ओळखून हात आखडतो. पण त्यासाठी दोन्ही यंत्रं तशी बनलेली लागतात. 900 व्हीएच्या घरगुती डब्यात ते नसतं.

अनघाताई, पहिलं काम म्हणजे काकांच्या घरी सोलरची एसी वायर घरच्या इन्व्हर्टरच्या अलीकडे, मीटरच्या बाजूच्या डीबीत आहे ना हे बघून घ्या. बसवणारा घाईत जवळच्या बोर्डात जोडतो आणि तो बोर्ड नेमका इन्व्हर्टर लाइनीचा निघतो. चाचणी सोपी. सोलर चालू असताना मुख्य एमसीबी पाडायचा. घरच्या इन्व्हर्टरवर पंखे फिरत राहिले पाहिजेत आणि सोलर बंद झालं पाहिजे. दोन-तीन मिनिटं थांबून बघायचं. सोलर पुन्हा सुरू झालं तर वायर चुकीच्या जागी आहे.

मनीषा_लातूर
आमचं सोलर तर लाईट असतानाही बंद पडतं. दुपारी बारा ते तीन. पंखे, टीव्ही सगळं चालू असतं, फक्त सोलर बंद. म्हणजे आमच्याकडेही हेच कारण का? बॅटरी घ्यावी लागेल का?

गॅल्वनाइज्ड
नाही ताई, तुमचं दुखणं वेगळं आहे, बॅटरीवर खर्च करू नका. त्याच वेळी इन्व्हर्टरच्या पडद्याचा फोटो काढा. ग्रिड व्होल्टेज 253 च्या आसपास दिसेल अशी शंका आहे. 230 च्या दहा टक्के वर गेलं की सोलरने तुटायचं असतं.

दुपारी दोन कारणांनी व्होल्टेज चढतो. एक, गावात भार कमी आणि आजूबाजूला चार-पाच सोलर. दोन, तुमच्या इन्व्हर्टरपासून मीटरपर्यंतची वायर. ती किती लांब आणि किती जाड आहे?

मनीषा_लातूर
फोटो काढला, 255 दाखवतंय. वायर गच्चीवरून पुढच्या गेटजवळच्या मीटरपर्यंत, तीस मीटर असेल. जाडी बिलावर 2.5 लिहिली आहे.

गॅल्वनाइज्ड
मग निम्मं कारण घरातच सापडलं. 3 किलोवॅट म्हणजे 13 अँपिअर. तीस मीटर जाऊन तीस मीटर परत, साठ मीटर तांबं. 2.5 चौरस मिलिमीटरच्या वायरीत त्यावर जवळपास 6 व्होल्ट चढतात. म्हणजे मीटरपाशी 249 असतील तर इन्व्हर्टरला 255 दिसतात. तीच वायर 6 चौरस मिलिमीटरची केली की चढ अडीच व्होल्टांवर येतो, इन्व्हर्टरला 251-252 दिसतील आणि तो चालेल. काठावरच, पण चालेल.

वायर बदलायच्या आधी इलेक्ट्रिशियनकडून मीटरपाशी भर दुपारी व्होल्टेज मोजून घ्या. तिथेच 253 च्या वर असेल तर वायर बदलून उपयोग नाही. मग ट्रान्सफॉर्मरचा टॅप बदलायचा अर्ज महावितरणकडे, तारीख-वेळेसह फोटो जोडून.

अनघा_सातारा
हे दोन्ही फोन माझ्याकडे "सोलर बंद पडतं" म्हणूनच येतात. आता पहिला प्रश्न ठरला: तेव्हा घरात लाईट असते का? पण काकांना द्यायचं काय, ते सांगा.

तारजोड
काकांची खरी गरज आधी वेगळी काढा. त्यांना सोलर चालू राहायला नको आहे, पंखा हवा आहे. पाच तास, दिवसा.

त्यांची 150 एएचची बॅटरी म्हणजे कागदावर 1800 वॉट-तास. बॅटरी टिकवायची तर निम्मीच वापरायची, 900. इन्व्हर्टरमध्ये थोडी जाते, हातात 750 च्या आसपास. तीन साधे पंखे 225 वॉट, दिवे 54, राऊटर 12, मिळून 291. म्हणजे अडीच तास. मग ती खाली येते आणि काका पुठ्ठा घेतात.

सर्वात स्वस्त उपाय पंखे बदलणं. बीएलडीसी पंखा पूर्ण वेगात 30 वॉटच्या आसपास खातो. तीन पंख्यांचे 225 चे 90 होतात, एकूण भार 156. तीच बॅटरी, तोच इन्व्हर्टर, वेळ पावणेपाच तास. साधारण नऊ-दहा हजारांत त्यांचा पाच तासांचा प्रश्न जवळजवळ सुटला. दिवसा दिवे लावलेच नाहीत तर सात तास. फक्त बॅटरी किती जुनी आहे ते विचारा. चार-पाच वर्षं झाली असतील तर हे आकडे निम्मे धरा.

रोहित_पॉवर
पण यात सोलरचा उपयोग कुठे झाला? त्यांचा राग पॅनेल फुकट तापण्याचा आहे.

तारजोड
बरोबर पकडलंस. त्यासाठी दुसरा उपाय: त्या बॅटरीला वेगळी दोन छोटी पॅनेल. 165 वॉटची 12 व्होल्टवाली दोन, समांतर जोडून, मध्ये 30 अँपिअरचा सोलर चार्ज कंट्रोलर, तिथून बॅटरी. दोन पॅनेल मिळून 18 अँपिअर देतात. 20 चा कंट्रोलर काठावर येतो, म्हणून 30 चा घ्यायचा. चांगल्या उन्हात 13 व्होल्टला 18 अँपिअर म्हणजे 230 वॉटपर्यंत. भार 156, इन्व्हर्टरची खोट धरून 180. म्हणजे उन्हाच्या वेळात बॅटरी उतरतच नाही. याचा ग्रिडशी संबंध नाही, त्यामुळे नेट मीटरला हात लागत नाही आणि परवानगीचा प्रश्न येत नाही.

दोन गोष्टी जपायच्या. ग्राहक म्हणणारच, "आहेत त्या सहातलीच दोन घ्या." घ्यायची नाहीत. सहाची माळ जवळपास 290 व्होल्ट डीसीची असते आणि ती वीज लाईट गेल्यावरही वायरीत असते. तिथे 12 व्होल्टचा कंट्रोलर जोडला तर ठिणगी उडून गेला समजा. माळेतून दोन काढली तर उरलेल्या चारांचा व्होल्टेज उतरतो आणि महिन्याची युनिटं जातात. दुसरं, ऊन असताना घरचा इन्व्हर्टरही मेनवरून 12-15 अँपिअरने चार्ज करतो. दोन्ही एकदम लागले तर 30 च्या वर, बॅटरीला जड. ऊन असताना मेनचं चार्जिंग थांबवणारा कंट्रोलर मिळतो, तोच मागवा.

ग्राहकराजा
इतका वेळ वाचतोय. तुम्ही सगळे विकून झाल्यावरचं बोलताय. माहितीपत्रकावर रात्री उजळलेलं घर छापायचं, "वीजबिल शून्य, अखंड वीज" लिहायचं आणि नंतर टाळ-मृदंग ऐकवायचा. आधीच सांगितलं असतं तर माणसाने बॅटरीवाला हायब्रिड घेतला असता.

अनघा_सातारा
हा आरोप आम्हाला लागू आहे. आता कोटेशनच्या पहिल्या पानावर मराठीत एक ओळ टाकायची ठरवली आहे: "महावितरणची वीज गेल्यावर ही यंत्रणा बंद राहते." खाली ग्राहकाची सही.

ग्राहकराजा
सही तुमच्या बचावासाठी. त्यापेक्षा सर्व्हेला येता तेव्हा "आठवड्याला किती तास लाईट जाते?" हा प्रश्न फॉर्ममध्ये टाका. उत्तर दोन तासांच्या वर असेल तर ऑन-ग्रिड आणि हायब्रिड, दोन्ही किमती समोर ठेवा.

गॅल्वनाइज्ड
हे सहीपेक्षा बरं. आणि शेतवस्तीवरच्या घराला हा प्रश्न विचारायलाच हवा. शेतीच्या बऱ्याच फीडरवर थ्री फेज आठ तास, पाळीप्रमाणे कधी दिवसा कधी रात्री. ज्या आठवड्यात रात्रपाळी, त्या आठवड्यात ऑन-ग्रिड सोलर दिवसभर झोपलेलं. तिथे ते बिलाच्याही कामाचं नाही.

अनघा_सातारा
हायब्रिडचं काय? काका विचारणारच.

तारजोड
तो तिसरा उपाय. सहा पॅनेल तीच राहतात, ऑन-ग्रिड इन्व्हर्टर काढून 3 किलोवॅटचा हायब्रिड आणि 48 व्होल्टची 5 किलोवॅट-तासांची लिथियम बॅटरी. खर्च दीड लाखाच्या पुढे. आधीच्या सबसिडीत बसणार नाही, कारण पंतप्रधान सूर्यघर योजनेतली 3 किलोवॅटची 78,000 ही पॅनेलच्या किलोवॅटवर आहे, बॅटरीला वेगळी रक्कम नाही. फ्रिजसुद्धा चालेल आणि दिवसा पॅनेल थेट घराला वीज देतील. मोठ्या इन्व्हर्टरमधली ती हात आखडायची सोय यात मुळातच असते.

पण दोन वाक्यं आधीच सांगा. एक, अख्खं घर त्यावर जात नाही. बॅकअपचं वेगळं आउटपुट असतं, त्याची वेगळी डीबी करून निवडक लाइनी तिथे न्याव्या लागतात. दोन, एक एचपीचा पंप त्यावर टाकायचा नाही. चालताना तो 1100 वॉट घेतो, पण सुरू होताना क्षणभर पाच-सहा पट ओढतो. 3 किलोवॅटचा हायब्रिड तिथे ट्रिप होतो आणि मग "लाख-दीड लाख घालूनही लाईट जाते" असा फोन येतो.

रोहित_पॉवर
बॅटरीशिवाय हायब्रिड घेतला तर? नंतर बॅटरी लावू म्हणणारे बरेच असतात.

तारजोड
लाईट असेपर्यंत साध्या ऑन-ग्रिडसारखा चालतो. गेल्यावर बहुतेक मॉडेलं बंदच. काही मॉडेलं नुसत्या पॅनेलवर बॅकअप देतात म्हणतात, पण एक ढग आला की सगळं पडतं.

गॅल्वनाइज्ड
इन्व्हर्टर बदलला की महावितरणला लेखी कळवा. नेट मीटरच्या अर्जात इन्व्हर्टरचा तपशील असतो, तो जुळायला हवा.

रोहित_पॉवर
क्षमता 3 किलोवॅटच राहिली तर कशाला? मीटरला फरक कळत नाही.

गॅल्वनाइज्ड
मीटरला कळत नाही, तपासणीला आलेल्या माणसाला कळतं. नवीन अर्ज लागतो की नुसतं पत्र पुरतं, यावर दोन उपविभागांत दोन उत्तरं ऐकायला मिळतात. म्हणून इन्व्हर्टर मागवण्याआधी विचारावं.

अनघा_सातारा
काकांना पाठवायचा मजकूर असा केला आहे. बघा:

"काका, नमस्कार. लाईट गेल्यावर आपलं सोलर चालू ठेवण्याचं सेटिंग या इन्व्हर्टरमध्ये नाही आणि करून देता येणार नाही. तो महावितरणच्या विजेच्या आधारानेच चालतो, त्याला बॅटरी जोडायची सोय नाही. तो बंद होणं हा बिघाड नाही. हे आम्ही घेताना स्पष्ट सांगायला हवं होतं, ते राहिलं. पाच तास लाईट गेली की आपली साधारण दहा-बारा युनिटं बुडतात, बाकीच्या वेळी यंत्रणा नेहमीसारखी चालते.
पंख्यासाठी तीन मार्ग आहेत. पहिला, तीन पंखे बीएलडीसी करणं: आहे त्या बॅटरीवर अडीचऐवजी पावणेपाच तास. दुसरा, त्याच बॅटरीला दोन छोटी वेगळी पॅनेल: ऊन असेपर्यंत बॅटरी उतरणार नाही. तिसरा, हायब्रिड इन्व्हर्टर आणि लिथियम बॅटरी: फ्रिजही चालेल, पंप चालणार नाही, खर्च दीड लाखाच्या पुढे. आमच्या मते पहिला आधी करावा. बॅटरी किती वर्षांची आहे ते कळवा. कृपया घरच्या इन्व्हर्टरच्या वायरीला सोलर कुणाकडूनही जोडून घेऊ नका, दोन्ही जळतात."

तारजोड
दहा-बारा युनिटं जास्त झाली. 3 किलोवॅटची दिवसभराचीच बारा-तेरा होतात. लाईट दहा ते तीन जात असेल तर आठ-नऊ लिहा.

ग्राहकराजा
"राहिलं" ही ओळ काढू नका. बाकी ठीक.

शंकेखोर
पहिल्या परिच्छेदातच चार वेळा "नाही" आलंय. पण गोलगोल लिहिण्यापेक्षा बरं.

अनघा_सातारा
आठ-नऊ केलं आणि पाठवलं. काकांचं उत्तर आलं: बॅटरी सहा वर्षांची आहे, आणि "दोन पॅनेल लावा, पण बायकोला फ्रिजचं काय सांगू?"

गॅल्वनाइज्ड
सहा वर्षं म्हणजे पॅनेल लावायच्या आधी बॅटरी. तिघांचा क्रम बदलला: पंखे, मग नवी बॅटरी, मग पॅनेल. फ्रिज 900 व्हीएवर टाकू नका. दार उघडलं नाही तर तो चार तास गार धरतो. पाचव्या तासाला दूध बाहेर काढून तापवायला सांगा.